ओठ मिटणारी अक्षरं

नीलिमाच्या वहीत मराठी अक्षरांचे दोनच वर्ग होते: ओठ मिटणारी आणि ओठ न मिटणारी. प, फ, ब, भ, म या पाचांखाली ती लाल पेनने रेघ मारायची. बाकी सगळी वर्णमाला निळ्या शाईत, एका पोत्यात. असलं व्याकरण सासऱ्यांनी वर्गात कुणा मुलाकडून ऐकलं असतं तर त्याला बाकावर उभं केलं असतं. पण सासऱ्यांची परिस्थिती आता कुणाला उभं करण्यासारखी राहिली नव्हती. त्यांनाच दोघांनी धरून उभं करावं लागायचं.

सासरे विष्णुपंत म्हणजे अंबरनाथचे जुने हेडमास्तर. पस्तीस वर्षं त्यांनी पोरांकडून कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य घोकून घेतलं. चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि जीभ तोंडात ओल्या फडक्यासारखी पडून राहिली. ओठ तेवढे मिटत होते. पाचांपैकी चार वर्ग गेले, एकटा ओष्ठ्य उरला. पाणी हवं असलं की ‘पा’ म्हणायचे, औषधाला नुसतं ‘औ’, आणि बाकी सगळं आ, ई, ऊ. मान सारखी बारीक हलत असायची, त्यामुळे हो कुठलं आणि नाही कुठलं तेही कळायचं नाही. गुरुदत्तने, म्हणजे मुलाने, पाटी आणून दिली. डाव्या हाताने दोन रेघोट्या ओढल्यावर मास्तरांनी स्वतःचं अक्षर पाहिलं आणि पाटी पलंगाखाली ढकलली. पुन्हा कुणाची आणायची छाती झाली नाही.

त्यांचं बोलणं घरात एकट्या नीलिमाला समजायचं. कारण ती तोंडाकडे बघायची. बाकीचे कानाने ऐकायला जायचे आणि फसायचे. जबडा केवढा उघडला, ओठ किती वेळा मिटले, शेवटी तोंड गोल झालं की पसरलं, एवढ्यावरून ती वाक्य सांगायची आणि ते बरोबर निघायचं. “बाबांचं फक्त तुलाच कळतं हो,” असं गुरुदत्त येणाऱ्याजाणाऱ्यासमोर कौतुकाने म्हणायचा. नीलिमाला त्या कौतुकाची सुरुवातीला गंमत वाटली होती. मग हळूहळू लक्षात आलं की दाराला कडी बाहेरून लागली आहे आणि ती लावताना सगळे तिची स्तुती करत होते.

लग्नाला अठरा वर्षं झालेली. मुलगी मीनल पुण्याला वसतिगृहात. गुरुदत्त आनंदनगरच्या एका रसायन कारखान्यात अधिकारी. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. तो नुसता दमलेला असायचा, आणि दमलेल्या माणसाशी भांडणारी बायको जगाला दुष्ट दिसते. सकाळी ठमाबाई यायची, मास्तरांना पुसून, कपडे बदलून, धुणंभांडी करून बाराला जायची. त्यानंतर संध्याकाळपर्यंत घरात दोघंच, एकाची जीभ वळायची नाही आणि दुसरीला बोलायला माणूस नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा दोन्हीकडून.

या घरात डबिंग शिरलं ते व्हिडिओ कॅसेटच्या निमित्ताने. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात लेखूभाईचं कॅसेटचं दुकान होतं. सासऱ्यांचा वेळ जावा म्हणून नीलिमा शुक्रवारी, गुरुदत्तच्या सुट्टीच्या दिवशी, तिथून कॅसेटी आणायची. एकदा तिने एक परत करताना म्हटलं, “लेखूभाई, हे मराठी कुणी केलंय? बाईला विंचू चावलाय आणि ती म्हणते, मला अतीव वेदना होत आहेत.”

लेखूभाई हसला नाही. त्याने खालच्या आवाजात विचारलं, “मग विंचू चावल्यावर काय बोलतात मॅडम, तुमच्यात?”

“आई गं.”

“बस? एवढंच?”

“एवढंच. आणि तिचं तोंडही तेवढंच उघडलंय.”

लेखूभाईच्या दुकानावर माडी होती. भिंतींना जुन्या गोधड्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकून त्याने तिथे स्टुडिओ केला होता. टेक चालू झाला की पंखा बंद, त्यामुळे आत गेलेला माणूस भिजूनच बाहेर यायचा. नव्या मराठी वाहिनीसाठी एका परदेशी कौटुंबिक मालिकेचं काम त्याला मिळालं होतं. हातात यायचा तो कागद इंग्रजी, पडद्यावरची माणसं बोलायची पोर्तुगीज, आणि त्यांच्या तोंडात भरायचं मराठी. कागदावरून तर्जुमा करणारे पुष्कळ मिळाले होते, पण तोंडाकडे बघणारं कुणी मिळालं नव्हतं. ते काम त्याने नीलिमाच्या हाती दिलं.

पहिल्या भागाला नीलिमाला तीन आठवडे लागले. बाहेरच्या खोलीत, मास्तरांच्या पलंगाशेजारी टीव्ही. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात मिनिटा-सेकंदांचे आकडे पळत असायचे. ती थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा लावायची, आणि स्वतः मोठ्याने म्हणून बघायची. कागदावर लिहिलेलं असायचं, की एवढ्या अवेळी तू इथे काय करते आहेस. तिने ते तस्संच मराठीत उतरवलं आणि म्हणायला गेली, तर पडद्यावरचा माणूस बोलून, दार लावून, जिना उतरूनसुद्धा गेला होता. तिचं अजून ‘अवेळी’च चाललं होतं. चार वेळा खोडून शेवटी उरलं: ‘तू? आत्ता?’ मला त्याविषयी बोलायची इच्छा नाही याचं झालं, ‘सोड ना.’ आणि कधी उलटं. मराठी दोन शब्दांत संपायचं आणि त्या बाईचं तोंड आपलं चालूच. मग तिथे ‘हे बघ’, ‘म्हणजे कसं’, ‘काय गं’ असा भरणा. हा भरणा तिला ठमाबाईने फुकट पुरवला. ठमाबाई दारात आली की जे तीन शब्द बोलायची त्यांत प्रश्न, राग आणि चौकशी तिन्ही असायचं.

सगळ्यात वैरी ठरलं ते मराठीचं क्रियापद. ते शेवटी येतं आणि त्याच्याही मागे ‘नाही’ येतं. एका भागात नायिका ‘मी त्याच्याशी लग्न करणार नाही’ असं म्हणायची होती. तिचं तोंड ‘करणार’लाच मिटलं. ‘नाही’ छाटलं गेलं आणि लग्न जवळजवळ ठरलंच. नीलिमाने वाक्य उलटं केलं: ‘नाही करणार मी लग्न.’ तेव्हापासून नकार पुढे आणायची तिला सवय लागली. म्हणजे वहीत. घरात तिचे नकार शेवटीच यायचे आणि तिथपर्यंत कुणी ऐकायला थांबायचं नाही.

एक मात्र सुखाचं होतं. पात्राने पाठ फिरवली की तोंड दिसत नाही, मग कितीही लिहा. राहिलेलं, कापलेलं, समजावून सांगायचं सगळं ती तिथे कोंबायची. समासात ‘पाठ’ असं लिहून भोवती गोल करायची. पाठीमागून काय वाटेल ते बोलता येतं हे तिला आधीपासून ठाऊक होतंच.

मास्तर हे सगळं पलंगावरून बघत असायचे. सुरुवातीला ‘सॉरी’ किंवा ‘टेन्शन’ आलं की डोळे मिटून घ्यायचे. पण दोनेक महिन्यांत त्यांनाही चटक लागली. ती अडली की त्यांचे ओठ हलायला लागायचे. ते सुचवायचे ते शब्द मात्र ग्रंथातले. ती वाचायची, मान डोलवायची आणि वहीत दुसरंच लिहायची.

आठव्या भागात तो प्रसंग आला. मालिकेतला म्हातारा जमीनदार अंथरुणावर पडलाय. धाकटी सून शहरात जाऊन शिकायचं म्हणते. सगळं घर विरोधात. ती म्हाताऱ्याच्या पलंगाशी येते. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर, इतका जवळ की दाढीचे खुंट मोजावेत. तो सुनेकडे बघतो आणि बोलतो. कागदावर अर्थ होता: माझी तुला परवानगी आहे. तोंडात होता सव्वा सेकंद. ओठ मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात, उघडून तसेच राहतात. पाठ फिरवायची सोय नाही.

‘माझी परवानगी आहे’ नऊ अक्षरांचं. ‘जा तू’ मध्ये ओठच मिटत नाहीत. ‘खुशाल जा’ तसंच. नीलिमा दुपारभर अडून बसली. पलंगावरून आवाज आला.

“मुभा.”

तिने दचकून वळून बघितलं. दीड वर्षात मास्तरांच्या तोंडून पहिल्यांदाच एक शब्द अखंड, स्वच्छ, शेजारच्या घरात ऐकू जाईल असा निघाला होता. म आणि भ, दोन्ही ओठांवरचे. जिभेची गरजच नाही. मास्तर स्वतःच चकित झाले होते. नीलिमाने कॅसेट मागे नेली, म्हाताऱ्याच्या तोंडावर शब्द ठेवून बघितला. तंतोतंत. “बाबा, काय बसलाय!” असं ती ओरडली आणि तिने वहीत मोठ्या अक्षरात ‘मुभा’ लिहून दोन लाल रेघा मारल्या. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. संध्याकाळी गुरुदत्तला सांगितलं तर तो म्हणाला, “अरे वा. जेवायला वाढतेस ना?”

शुक्रवारी ती वही घेऊन माडीवर गेली. म्हाताऱ्याचा आवाज किसनचा होता. किसन एका कारखान्यात रात्रपाळीचा फिटर, कामगारांच्या नाटकात काम करायचा आणि आवाज असा की खालच्या दुकानातली काच हलावी. कानांना हेडफोन लावून त्याने मूळ ऐकलं, कागद बघितला आणि हेडफोन काढला.

“मॅडम, मुभा?”

“बघा तर म्हणून. ओठांवर फिट बसतंय.”

“ओठांवर बसतंय, कानात नाही बसत. असं कोण बोलतो घरात? हे नोटिशीवर असतं. मुभा राहील, राहणार नाही. बायका भाजी निवडत ऐकणार, त्यांना वाटेल म्हातारा ‘उभा’ बोलला. कोण उभा? कुठं उभा? तेवढ्यात पुढचा सीन.”

नीलिमाने म्हणून पाहिलं. मुभा, उभा. तो बरोबर होता. पुस्तक वाचताना कळलं नाही तर माणूस मागच्या ओळीवर जातो. ऐकणाऱ्याला मागची ओळ नसते. एकदा सुटलं की सुटलं.

“एक टेक घेऊ या ना,” ती म्हणाली.

पंखा बंद झाला. किसनने ‘मुभा’ म्हटलं. काचेपलीकडून लेखूभाईने बटण दाबून विचारलं, “ये बुढ्ढा खडा होने को बोलता है क्या?”

मग सगळेच हसले, आणि नीलिमाही हसली. त्या हसण्याची तिला पुढे फार लाज वाटली. तिने पेन घेतलं, ‘मुभा’वर काट मारली आणि उभ्याउभ्या लिहिलं: ‘बरं बाई.’ ब आणि बा. ओठ दोनदा मिटतात. हट्टाला कंटाळलेला, हरलेला आणि आतून राजी झालेला प्रत्येक म्हातारा हेच म्हणतो. किसनने पहिल्याच टेकला असं काही म्हटलं की लेखूभाईने दुसरा टेक मागितलाच नाही. “हे बघा,” किसन म्हणाला, “ही लाइन नाही, हा आमचा बाप आहे.”

घरी आल्यावर तिने मास्तरांना खरं ते सांगितलं. “बाबा, तुमचा शब्द कापला. ऐकणाऱ्याला कळला नसता.” मास्तरांनी डोळे मिटले. पुढच्या आठवड्यात लेखूभाईने तयार भागाची कॅसेट दिली, तिने ती लावली. किसनचं ‘बरं बाई’ खोलीभर घुमलं. मास्तरांनी डोळे उघडून बघितलं, शेवटपर्यंत बघितलं, आणि मग तोंड भिंतीकडे वळवलं. दोन दिवस ते ‘पा’सुद्धा म्हणाले नाहीत. ती वाटीचमचा घेऊन बसून राहायची. दीड वर्षात त्या माणसाला एक शब्द सापडला होता आणि तो तिने, घरातल्या त्यांच्या एकुलत्या एक वाचकाने, हसून खोडला होता. दुसरं काय करणार होती? हे तिला पटायचं आणि तरी रडू यायचं.

अशात लेखूभाईला बावन्न भागांचं काम मिळालं. त्याने तिला बसवून चहा दिला, आणि लेखूभाईने चहा दिला म्हणजे काहीतरी कठीण येणार हे माडीवर सगळ्यांना माहीत होतं.

“मॅडम, आता शुक्रवार-शुक्रवार नाही चालणार. आर्टिस्ट माइकवर उभा राहतो, लाइन लांब होते, श्वास पुरत नाही, आणि तुम्ही अंबरनाथला. वही जाणार, वही येणार, आठ दिन गया. तुम्ही रोज पाहिजे. अकरा ते पाच. इथल्या इथं लाइन कापायची, इथल्या इथं बोलायची. सोमवारपासून.”

“सोमवारपासून कसं जमेल? घरी सासरे...”

“मला माहीत आहे. म्हणून आधी तुम्हाला विचारतो. नाही जमलं तर मुंबईचा एक रायटर तयार आहे.” मग म्हणाला, “तो विंचूवालाच आहे, मॅडम. पण रोज येतो.”

घरी येताना रिक्षात तिने ते वाक्य तयार केलं. नकाराची जागा ठेवायची नाही, लांब करायचं नाही. गुरुदत्त पेपर वाचत होता. ती म्हणाली, “सोमवारपासून मी रोज जाणार. अकरा ते पाच.”

गुरुदत्तने पेपर खाली ठेवला. “बरं वाटतं गं ऐकायला. पण बाबांचं?”

“ठमाबाई दिवसभर थांबायला तयार आहे. येताना विचारून आले मी.”

“ठमाबाईला बाबांचं कळतं का?”

“शिकेल. मी शिकवीन.”

“बघू,” गुरुदत्त म्हणाला. दोन अक्षरांचा शब्द, ओठ एकदाच मिटतात, आणि त्यात माणसाचं आख्खं आयुष्य मावतं. शनिवारीही ‘बघू’. रविवारी तो कामावरून आला आणि जेवून झोपला. नीलिमाने वहीचं पान उघडलं आणि नुसती बसली. पडद्यावरच्या चाळीस माणसांना तिने बोलतं केलं होतं. स्वतःसाठी दोन सेकंदांचं एक वाक्य तिला जमत नव्हतं. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागे होते की झोपलेले, कळत नव्हतं.

सोमवारी सकाळी कारखान्याची जीप यायच्या वेळी ती साडी बदलून, पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत आली. ठमाबाई मास्तरांचे पाय पुसत होती. गुरुदत्त बूट घालता घालता थांबला.

“निघालीस?”

“मी शुक्रवारी सांगितलं होतं.”

“अगं, पण ठरलं कुठं? बाबांना विचारलंस?” आणि तो पलंगाकडे वळला. “बाबा, ही दिवसभर बाहेर राहिली तर तुमचं कसं होणार?”

आता या प्रश्नाला ज्याची जीभ शाबूत आहे त्यानेही काय उत्तर द्यावं? गुरुदत्त मुद्दाम असं विचारत नव्हता. त्याला प्रश्न असेच सुचायचे, ज्यांना हो म्हणून भागत नाही आणि नाही म्हणूनही नाही.

मास्तरांनी मान वळवली. त्या कॅसेटनंतर पहिल्यांदा त्यांनी खोलीकडे बघितलं. जबडा उघडला.

“आ.”

“बघ,” गुरुदत्त म्हणाला, “आ म्हणतायत. बोलावतायत तुला.” दिवसभर कामगारांशी हिंदीत बोलणारा माणूस, त्याला ‘आ’ म्हणजे ये हेच ऐकू येणार.

“नाही. जा म्हणतायत. जीभ लागत नाही म्हणून ज गेला.”

गुरुदत्त हसला, वाईट नाही, थकून. “नीलिमा, आपण घराबाहेर पडणाऱ्याला कधी जा म्हणतो का? बाबा म्हणतील? ते ये म्हणतील. आज तुला सोयीचं ऐकू येतंय.”

अठरा महिने या घरात तिचा शब्द शेवटचा होता. बाबांना पाणी हवंय, पाठ दुखतेय, बँकेतल्या कागदावर अंगठा द्यायचा नाहीये, सगळं तिने सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. आणि आज पहिल्यांदा ओळ तिच्या बाजूची निघाली, तर दुभाष्याची साक्ष बाद. पुरावा कुठून आणणार? मूळ तोंड फक्त तिलाच वाचता येत होतं. तिने स्वतःच्या हाताने बांधलेल्या भिंतीला दार ठेवलं नव्हतं.

मास्तरांचे ओठ घट्ट मिटले. मान हलणं थांबवायचा त्यांचा आटापिटा दिसत होता. मग मोठ्याने, स्वच्छ, वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावं तसा शब्द आला.

“मुभा!”

“उभा?” गुरुदत्त पुढे धावला. “उभं राहायचंय? ठमाबाई, धर त्या बाजूने.”

“अहो, मुभा म्हणतायत, मुभा! परवानगी!”

“मुभा?” गुरुदत्तचे हात बाबांच्या काखेत होते. “घरात असं कोण बोलतं?”

हेच वाक्य किसन बोलला होता आणि ती हसली होती. जी ओळ खोडायला तिचा हात जराही अडखळला नाही, तीच आता तिच्यासाठी येऊन दारातून परत फिरत होती, कारण कानाला कळली नाही. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

“हे कशाला उठवताव मास्तरांना?” ठमाबाई कुरकुरली, पण तिने धरलं. दोघांनी मिळून मास्तरांना उभं केलं. दोन खांद्यांमध्ये ते लोंबत उभे राहिले, एक पाय जमिनीवर, एक नुसता टेकलेला. त्यांना उभं राहायचं नव्हतं. मुलगा त्यांच्यासाठी करत होता ते सगळं प्रेमाने चाललेलं होतं आणि त्यातलं काहीच त्यांनी मागितलेलं नव्हतं. नीलिमाला तो चेहरा बघवेना. तिने पिशवी खाली ठेवली. पदर खोचला आणि त्यांना परत निजवायला पुढे झाली.

ती समोर आली तेव्हा मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. इतक्या जवळून की दाढीचे खुंट मोजता यावेत. पस्तीस वर्षं पोरांची बोली सुधारण्यात गेलेला तो माणूस क्षणभर घुटमळला. ओठ मिटले.

“बअं...”

उघडले, पुन्हा मिटले, आणि उघडून तसेच राहिले.

“...बाई.”

नीलिमाला काही सांगावं लागलंच नाही. र गळाला होता, पण ते कळायला दुभाष्या लागत नव्हता. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत कुठल्याही घरातल्या कुठल्याही म्हाताऱ्याने सुनेच्या, लेकीच्या, नातीच्या हट्टापुढे हात टेकताना जे म्हटलं असतं तेच ते होतं.

पहिली ठमाबाई बोलली. “बरं बाई म्हनला मास्तर. मना पन कललं.”

गुरुदत्तने वडलांकडे बघितलं, मग बायकोकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हातातून काहीतरी सुटल्यासारखा तो दिसत होता. त्याने बाबांना हलकेच निजवलं, पांघरूण घातलं, बुटाची नाडी बांधली. “महिनाभर बघू,” तो म्हणाला. “पाचला निघ तिथून. साडेपाचला घरी.” हॉर्न पुन्हा वाजला आणि तो गेला.

नीलिमाने पिशवी उचलली. किती मिळालं होतं? अकरा ते पाच, महिनाभर, तेही बघूच्या बोलीवर. दाराची कडी निघाली नव्हती, सैल झाली होती. पलंगाशी वाकून ती म्हणाली, “बाबा, येते.” मास्तरांनी डोळे मिटले होते. पण तोंड भिंतीकडे नव्हतं.

माडीवर पोचली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. लेखूभाईने घड्याळाकडे बघितलं. किसन हेडफोन गळ्यात अडकवून बसला होता.

“आलात! सासरेबुवा काय म्हणाले?”

“बरं बाई म्हणाले.”

किसन खो खो हसला. “म्हणजे माझी लाइन चोरली की त्यांनी.”

नीलिमाने वही उघडली, लाल पेनचं टोपण काढलं. “नाही,” ती म्हणाली, “त्यांची मी कापली होती. त्यांनी माझी घेतली.” मग पंखा बंद झाला.